पुणे ते सासवड एक दिवस वारीत: मुक्काम कसा शोधावा आणि चुकामूक झाल्यास दिंडी पुन्हा कशी गाठावी?

मेधा_कोथरूड

नमस्कार मंडळी. यंदा आईला घेऊन संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत एक दिवस चालण्याचा विचार आहे. आईचे वय एकसष्ट आहे, ती रोज तासभर चालते, मधुमेहाच्या गोळ्या सुरू आहेत आणि दिवे घाट पायी चढण्याची तिची अनेक वर्षांची इच्छा आहे. माझी मावशी लातूरकडच्या एका दिंडीतून आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालते आणि त्या दिवशी आम्ही तिच्याच दिंडीबरोबर चालावे, रात्री सासवडला त्यांच्या मुक्कामी जेवून मग घरी परतावे, असे ठरते आहे. मावशीने दिंडीचा क्रमांक 19 असा सांगितला आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. सासवडला पोहोचल्यावर त्या दिंडीचा मुक्काम नेमका कुठे आहे हे कसे शोधायचे, आणि वाटेत आई किंवा मी मागे-पुढे झालो तर एकमेकींना व दिंडीला पुन्हा कसे गाठायचे? काय न्यावे आणि काय घालावे याविषयी भरपूर वाचले आहे, त्यामुळे कृपया या दोन प्रश्नांपुरतेच सांगावे.

निखिल_ज

मी मित्रांबरोबर हडपसरपासून सासवडपर्यंत चाललो आहे. मला वाटते आपण उगाच काळजी करत आहात. दोघींच्या मोबाइलवर एकमेकींचे लाइव्ह लोकेशन सुरू ठेवावे आणि काहीच सुचले नाही तर भगव्या पताका जिकडे जातात तिकडे चालत राहावे, म्हणजे आपोआप सासवड येते. दोन्ही पालख्या त्या दिवशी पुण्यातून एकत्रच निघतात, त्यामुळे रस्ता चुकण्याचा प्रश्नच येत नाही. तळावर पोहोचल्यावर कोणालाही दिंडीचा क्रमांक सांगितला की जागा दाखवतात.

सुनंदा_वहिनी

मेधाताई, दिंडीत नाव नोंदवायचे असेल तर आषाढीच्या बऱ्याच आधी दिंडीप्रमुखांना भेटून भिशी भरावी लागते. भिशीत दोन वेळचे जेवण, चहा, राहुटीतली जागा आणि ट्रकमध्ये एक वळकटी ठेवण्याची सोय असते. माझ्या सासूबाई संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर जातात, त्यांचा मार्ग लोणी काळभोर, यवत, वरवंड असा आहे. पहिल्याच वर्षी पूर्ण वारी करण्याआधी बारामतीपर्यंत जाऊन अंदाज घ्यावा, असे त्या सांगतात. आपल्या आईंना पूर्ण वारी झेपेल का, याचा आधी विचार करावा.

मेधा_कोथरूड

वहिनी, धन्यवाद, परंतु आम्ही एकच दिवस चालणार आहोत आणि तोही ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर. निखिल, आईकडे साधा फोन आहे, त्यामुळे लोकेशनचा उपाय आमच्या कामाचा नाही.

टाळकरी_हडपसर

मेधाताई, आपला प्रश्न नेमका आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मात्र त्याआधी निखिल यांच्या लिहिण्यातली एक गोष्ट दुरुस्त करणे आवश्यक आहे, कारण ती अर्धीच खरी आहे आणि त्या अर्ध्या भागावर विसंबून दर वर्षी माणसे चुकतात.

दोन्ही पालख्यांचा पुण्यातला मुक्काम जवळजवळ असतो. माउलींची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंगा विठोबा मंदिरात असते. पुण्याहून निघाल्यावर दोन्ही सोहळे हडपसरपर्यंत एकाच बाजूने जातात हे खरे आहे. मात्र हडपसरला गाडीतळावर रस्ता फुटतो. माउलींची पालखी उजवीकडे सासवड रस्त्याला लागते आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते. पताका दोन्हींकडे भगव्याच असतात, मुखी दोन्हींकडे ‘ज्ञानोबा तुकाराम’ असते, तुळशी आणि टाळ-मृदंगही सारखेच असतात. त्यामुळे पताकांच्या मागे चालत राहिलेला माणूस लोणीला पोहोचला तरी त्याला बराच वेळ आपण चुकलो आहोत हे कळत नाही. दिंडीपुढच्या फलकावर कोणत्या महाराजांचा पालखी सोहळा आहे हे लिहिलेले असते, गाडीतळावर तेच वाचावे. पुढे गेल्यावर भेकराईनगर आणि फुरसुंगीच्या पाट्या दिसू लागल्या तर आपण बरोबर आहोत. ‘पंधरा नंबर’ आणि मांजरीचा फाटा दिसला तर आपण दुसऱ्या सोहळ्यात आहोत, आणि तिथून मागे गाडीतळावर येण्यावाचून गत्यंतर नाही.

आता दिंडीच्या क्रमांकाविषयी. मावशींनी 19 सांगितला, पण तो रथापुढचा की रथामागचा हे सांगितले का? माउलींच्या सोहळ्यात रथाच्या पुढे 27 दिंड्या चालतात आणि त्यांचे क्रमांक वेगळे असतात. रथाच्या मागे पुन्हा 1 पासून क्रमांक सुरू होतात आणि ते पुष्कळ पुढपर्यंत जातात. याचा अर्थ क्रमांक 27 च्या पुढचा असेल तर दिंडी रथामागचीच असणार, परंतु 27 किंवा त्याहून कमी असेल तर त्याच क्रमांकाच्या दोन दिंड्या असतात. नुसते ‘19 नंबरची दिंडी कुठे आहे’ असे विचारल्यास दोन वेगवेगळ्या माणसांकडून दोन वेगवेगळी उत्तरे येतील, आणि दोघेही खरे बोलत असतील. म्हणून आधी मावशींना एवढे एक विचारा, मग पुढचे लिहितो.

निखिल_ज

गाडीतळाची दुरुस्ती मान्य आहे. आम्ही हडपसरच्या पुढूनच चालायला लागलो होतो, त्यामुळे तो फाटा आमच्या वाट्याला आला नाही. मात्र लोकेशनचा उपाय अगदीच टाकाऊ आहे, हे मला पटत नाही.

टाळकरी_हडपसर

टाकाऊ म्हणत नाही. सकाळी शहरात तो चालतोही. मात्र वडकीच्या पुढे इतकी माणसे एकाच वेळी फोन लावत असतात की संपर्क तुटत राहतो आणि नकाशावरचा ठिपका जिथे थांबलेला दिसतो, तिथून माणूस केव्हाच पुढे गेलेला असतो. थांबलेला ठिपका पाहून लोक उलटे मागे फिरतात, आणि त्यातून खरी चुकामूक होते. फोन लागत नसेल तर साधा मजकूर पाठवावा. तो उशिरा का होईना, पण पोहोचण्याची शक्यता फोनपेक्षा जास्त असते.

मेधा_कोथरूड

मावशीशी बोलले. दिंडी रथामागची आहे. आम्हाला दोन 19 असतात हे माहीतच नव्हते आणि गंमत म्हणजे मावशीलाही त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते, कारण तिच्या बरोबरच्या सगळ्यांना ते ठाऊकच आहे.

टाळकरी_हडपसर

उत्तम. आता वाटेविषयी.

भवानी पेठेतून पालखी पहाटे निघते. शिंदे छत्रीपाशी आरती होते, मग हडपसरचा विसावा, त्यानंतर फुरसुंगी, उरुळी देवाची, वडकी असे करत दिवे घाटाच्या पायथ्याशी सोहळा येतो. घाट चढून गेल्यावर झेंडेवाडीला विसावा होतो आणि तिथून सासवड गाठले जाते. हे एकूण अंतर सुमारे तीस किलोमीटर आहे आणि सोहळ्यातला तो मोठ्या चालीचा दिवस आहे. पालखी तळावर पोहोचेपर्यंत रात्र पडते.

चुकामूक झाल्यावर भेटायची ठिकाणे आधीच ठरवावीत, आणि ती दोनच असावीत: घाटाच्या अलीकडे वडकी आणि घाटाच्या पलीकडे झेंडेवाडी. जास्त ठिकाणे ठरवली की ‘आधी कुठे थांबायचे ठरले होते’ याचाच घोळ होतो. नुसते ‘वडकीला भेटू’ असेही ठरवू नये, कारण वडकीला त्या वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतांतून पंगती बसलेल्या असतात. तिथे पोहोचल्याबरोबर एखादी न हलणारी खूण निवडावी, उदाहरणार्थ एखाद्या दुकानाची पाटी, पेट्रोल पंप किंवा शाळेचे फाटक, आणि दोघींनी ती एकमेकींना म्हणून दाखवावी. मंडप, टँकर किंवा रुग्णवाहिका ही खूण धरू नये. त्या हलतात.

घाटात मात्र भेटायचे ठरवूच नये. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी आणि मध्ये सबंध रस्ता भरून माणसे असतात, त्यामुळे कडेला थांबायला जागा मिळत नाही. वळणावरून खाली मस्तानी तलाव आणि मागचा सारा सोहळा दिसतो म्हणून लोक तिथेच फोटोसाठी खोळंबतात, तो भाग तर अधिकच टाळावा. घाटात कोणी दिसेनासे झाले तर दोघींनीही थांबायचे नाही आणि मागेही फिरायचे नाही. आपापल्या चालीने झेंडेवाडीपर्यंत जायचे. हा नियम सकाळी घरातून निघतानाच ठरवावा, कारण ऐन वेळी मुलगी आईला शोधायला खाली जाते आणि आई दुसऱ्या कडेने वर निघून गेलेली असते.

वाटसरू

एक शंका आहे. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर आपली दिंडी पुढे गेली आहे की अजून मागे आहे, हे कसे ओळखायचे? तिथेच तासभर थांबून राहणे आणि दिंडी केव्हाच निघून गेलेली असणे, असे माझ्या शेजाऱ्यांचे झाले होते.

टाळकरी_हडपसर

यासाठीच रथामागे की रथापुढे हे माहीत असावे लागते. मेधाताईंचेच उदाहरण घेऊ.

समजा, वडकीला जेवणानंतर आई दिसेनाशी झाली आणि मेधाताई ठरलेल्या खुणेपाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या लोकांकडे तोंड करून उभे राहावे आणि पहिली चौकशी रथाची करावी, कारण रथ गेला की नाही हे कोणीही सांगू शकते. रथ अजून आला नसेल तर त्यांची दिंडीही आलेली नाही, त्यामुळे निवांत थांबावे. रथ गेला असेल तर जाणाऱ्या दिंड्यांचे फलक वाचावेत. रथामागे आकडा वाढत जातो. समोरून 11, 12, 14 अशा दिंड्या जात असतील तर 19 यायची आहे. 23, 25 जाताना दिसल्या तर ती पुढे गेली, आता थांबण्यात अर्थ नाही, रस्त्याच्या कडेने जरा भरभर चालावे. एवढ्या दिंड्यांचे अंतर काही मिनिटांत भरून निघते.

यात दोन अडचणी आहेत. एक म्हणजे दुपारच्या जेवणासाठी दिंड्या आपापल्या ठरलेल्या शेतात वळतात आणि उठल्यावर क्रम लागायला थोडा वेळ जातो, त्यामुळे जेवणानंतर लगेच दिसलेल्या एकाच फलकावरून निष्कर्ष काढू नये, तीन-चार फलक पाहावेत. दुसरी अडचण मोकळ्या समाजाची. कोणत्याही दिंडीत नसलेली हजारो माणसे सोहळ्याच्या कितीतरी पुढे आणि मधूनमधून चालत असतात. त्यांच्यातल्या काहींकडेही पताका असतात, पण क्रमांकाचा फलक नसतो. ती गर्दी पाहून ‘सगळे पुढे गेले’ असे वाटते, प्रत्यक्षात रथ अजून उरुळीलाही पोहोचलेला नसतो.

मेधा_कोथरूड

हे अगदी स्पष्ट झाले. आणखी एक विचारते. आम्ही दिंडीच्या आतून चालायचे की बाहेरून? मावशी म्हणते आत ये, पण मला संकोच वाटतो.

टाळकरी_हडपसर

मावशींच्या ओळखीने तुम्हाला कोणी बाहेर काढणार नाही, हे खरे. तरीही माझे मत असे आहे की एक दिवसासाठी आलेल्यांनी रांगेच्या कडेने किंवा शेवटी, तुळस आणि हंडा घेतलेल्या बायकांच्या मागून चालावे. पुढे पताका, मग टाळकरी, मधे मृदंग, विणेकरी, असा दिंडीचा क्रम असतो आणि अभंगाची चाल पुढून मागे जात असते. मधे अनोळखी माणूस थांबला की ती तुटते. शोधण्याच्या दृष्टीनेही विणेकरी ही चांगली खूण आहे, कारण वीणा दिंडीत एकच असते आणि ती खांद्यावरून उतरत नाही. मावशींना सांगून ठेवा की विणेकऱ्यांच्या मागे साधारण कितव्या ओळीत त्या असतील.

कऱ्हाकाठ

टाळकरीकाकांच्या या मताशी मी सहमत नाही. माझ्या घरी सासवडला दर वर्षी एक दिंडी उतरते आणि तिचे प्रमुख एक दिवस आलेल्यांना मुद्दाम आत घेतात, कारण कडेने चालणारी माणसेच आधी हरवतात. दिंडीगणिक रीत वेगळी असते, त्यामुळे मेधाताईंनी दिंडीप्रमुखांना सकाळीच विचारावे.

मी लिहायला आलो ते मुक्कामाविषयी. बाहेरून येणाऱ्यांचा असा समज असतो की सगळ्या दिंड्या पालखी तळावर असतात. तळावर पालखीचा तंबू असतो आणि काही दिंड्यांच्या राहुट्याही असतात. पण पुष्कळशा दिंड्या गावात आणि गावाबाहेर, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या जागी उतरतात: कोणाच्या वाड्यात, शाळेत, मंगल कार्यालयात, शेतात. त्यामुळे तळावर जाऊन क्रमांक विचारल्यास निखिल म्हणतात तशी जागा दाखवणारा भेटेलच असे नाही. तळावरच्या माणसाला शेजारची दिंडी माहीत असते, गावाच्या दुसऱ्या टोकाची नसते.

म्हणून मावशींना ‘सासवडला कुठे उतरता’ असे मोघम विचारू नका. घरमालकाचे नाव काय, आळी कोणती, जवळ कोणते देऊळ किंवा शाळा आहे आणि पुण्याकडून येताना ते गावाच्या अलीकडे लागते की पलीकडे, हे विचारा. आमच्याकडे क्रमांकापेक्षा घरमालकाच्या नावावर माणूस लवकर सापडतो, कारण ‘अमुक यांच्याकडची दिंडी’ अशीच गावाला ओळख असते. जागा बदललेली असू शकते, म्हणून आदल्या दिवशी पुण्याच्या मुक्कामी पुन्हा एकदा खात्री करून घ्यावी.

दुसरी खूण म्हणजे दिंडीचा ट्रक. तो सोहळ्याबरोबर घाटातून येत नाही, आधीच पुढे जातो किंवा दुसऱ्या वाटेने येतो आणि तुम्ही पोहोचण्याच्या कितीतरी आधी मुक्कामाच्या दारात उभा असतो. ट्रकवर सोहळ्याचे नाव, क्रमांक आणि रथापुढे की रथामागे हे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. स्वयंपाकाची माणसे ट्रकबरोबरच असतात. त्यांच्यापैकी एकाचा फोन क्रमांक अवश्य घ्या, कारण दिवसभर चालणाऱ्यांचे फोन संध्याकाळी बंद पडलेले असतात आणि स्वयंपाक्याचा चालू असतो.

सुनंदा_वहिनी

ट्रक पुढे जातो म्हणजे पिशवी ट्रकमध्ये टाकली की ती रात्रीपर्यंत हाती लागणार नाही. माझ्या सासूबाईंच्या गोळ्या एकदा अशाच ट्रकबरोबर यवतला गेल्या होत्या. मेधाताईंच्या आईंना मधुमेह आहे म्हणून आठवण करून देते: गोळ्या अंगाबरोबर असाव्यात.

आणखी एक गोष्ट आहे. माउलींची पालखी ज्या दिवशी सासवडला जाते, त्या दिवशी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशी असते. वाटेवर साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचा लाडू, राजगिरा हेच वाटले जाते आणि दिंडीतही उपवासाचेच असते. आईंना भाकरी-भाजीची सवय असेल तर डबा घरूनच न्यावा. रिकाम्या पोटी गोड चहा आणि खिचडीवर घाट चढणे मधुमेह असलेल्या माणसासाठी बरे नव्हे, त्यांच्या डॉक्टरांनाही आधी विचारून घ्यावे.

मेधा_कोथरूड

वहिनी, हे फार उपयोगी सांगितलेत. एकादशीचे आमच्या ध्यानातही आले नव्हते, आणि सासवडला रात्री जेवून निघण्याचा बेतही आता उपवासाच्या ताटाचा धरावा लागेल.

वाटसरू

समजा सगळे उपाय थकले आणि रात्र झाली तरी माणूस सापडला नाही, तर तळावर काही व्यवस्था असते का?

कऱ्हाकाठ

असते. तळाजवळ पोलीस मदत केंद्र आणि ध्वनिक्षेपक असतो. मात्र नाव सांगताना एक काळजी घ्यावी. संध्याकाळी त्या ध्वनिक्षेपकावरून सुमनबाई, शांताबाई, कमलबाई अशी नावे एकामागून एक पुकारली जातात आणि प्रत्येक नावाच्या कितीतरी बायका समोर बसलेल्या असतात. नुसते नाव कोणी मनावर घेत नाही. गावाचे नाव, दिंडीचा क्रमांक रथामागे किंवा रथापुढे यासह, आणि कोणाच्या मुलीने बोलावले आहे, असे पुकारायला सांगावे. पुण्याहून आलेल्या बाईने ‘पुणे’ सांगून उपयोग नाही, ‘कोथरूड’ सांगावे.

चिठ्ठीही तशीच लिहावी. आईंच्या पदराला किंवा पिशवीच्या आत पिनेने लावलेल्या चिठ्ठीत त्यांचे नाव, मेधाताईंचा आणि घरी थांबलेल्या एका माणसाचा फोन, ‘दिंडी 19, रथामागे’ आणि सासवडच्या घरमालकाचे नाव असावे. घरी थांबलेला माणूस महत्त्वाचा आहे. वाटेतल्या दोघींचे फोन एकमेकींना लागले नाहीत तरी दोघींचेही पुण्याला घरी लागू शकतात, आणि निरोप तिथून फिरतो. अडचण गंभीर असेल, कोणाला चक्कर आली किंवा माणूस खरोखरच बेपत्ता असेल, तर 112 किंवा रुग्णवाहिकेसाठी 108 लावावा.

टाळकरी_हडपसर

यात समाजआरतीची भर घालतो. पालखी तळावर आल्यावर सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, चोपदार चोप उंचावतात आणि क्षणात टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतात. त्यानंतर हरवले-सापडलेले आणि दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, मग आरती होते. दिंडीतले माणूस हरवले असेल तर दिंडीप्रमुखांना समाजआरतीच्या आधी गाठून सांगावे, नंतर सांगितले तर तेवढी संधी गेली. माउलींचा मुक्काम सासवडला दोन रात्री असतो, त्यामुळे दिंडी दुसऱ्या दिवशीही त्याच जागी असते आणि रात्री न सापडलेली माणसे पुष्कळदा सकाळी तिथेच सापडतात. जेजुरीला किंवा वाल्ह्याला अशी सवलत नसते, तिथे एकच रात्र असते.

निखिल_ज

एक प्रश्न माझाही आहे. परत कसे यायचे? आम्ही रात्री सासवडहून गाडीने निघालो तेव्हा मोठा वळसा पडला होता.

कऱ्हाकाठ

त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, त्यामुळे गाडी आणून ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. वाहतूक बोपदेव घाटाने किंवा कात्रज-कापूरहोळकडून वळवली जाते आणि कोणत्या वाहनांना कोणती वाट खुली आहे, हे त्या वर्षीच्या पोलिसांच्या सूचनेवरून पाहावे. पीएमपीच्या जादा बसगाड्या असतात, त्याही घाटातून न जाता वळसा घालून जातात. शेवटची बस किती वाजता आहे, हे सासवडच्या थांब्यावर संध्याकाळीच विचारून ठेवावे. समाजआरती संपल्यावर सगळेच थांब्याकडे धावतात. आईंना त्या गर्दीत उभे करण्यापेक्षा मावशींच्या मुक्कामी रात्र काढून सकाळी निघणे मला जास्त सोयीचे वाटते. दिंडीला आधी सांगितले तर दोन अंथरुणांची जागा निघते.

मेधा_कोथरूड

सर्वांचे आभार. आता राहिला प्रश्न इतकाच की आईने पूर्ण तीस किलोमीटर चालावे का. भाऊ म्हणतो हडपसरपासून सुरुवात करा, म्हणजे शहरातले आठ-नऊ किलोमीटर वाचतील. आई म्हणते, निघायचे तर भवानी पेठेतूनच.

टाळकरी_हडपसर

भावाचे म्हणणे योग्य आहे, मात्र त्यात गाडीतळाचा फाटा ऐन गर्दीत गाठावा लागतो. दिंडी समोर येण्याची वाट पाहत तिथे उभे राहू नये, दोन्ही सोहळ्यांची माणसे तिथे एकमेकांत मिसळलेली असतात. सासवड रस्त्याला वळून भेकराईनगरच्या बाजूला पुढे जाऊन थांबावे. तिथून जो फलक येईल तो माउलींच्याच सोहळ्याचा असेल, आणि मग आकडे वाचत 19 ची वाट पाहणे सोपे जाते.

कऱ्हाकाठ

माझा पर्याय वेगळा आहे. इच्छा घाटाची आहे, तर वडकीपर्यंतचे चालणेच कमी करावे. सकाळी लवकर, रस्ते बंद होण्याआधी, वडकीच्या अलीकडे कोणा नातेवाइकाकडे किंवा ओळखीच्या घरी जाऊन थांबावे आणि दुपारी दिंडी जेवून उठेल तेव्हा तिच्याबरोबर घाटाला लागावे. घाट आणि पुढे सासवडपर्यंतचे अंतर एकसष्टाव्या वर्षी पुरेसे आहे.

मेधा_कोथरूड

फुरसुंगीला वडिलांचे एक स्नेही राहतात. त्यांच्याकडे आदल्या रात्रीच मुक्कामाला जाता येईल का, हे आज विचारते. आईने भवानी पेठेचा हट्ट अजून सोडलेला नाही.

सुनंदा_वहिनी

मग आदल्या दिवशी भवानी पेठेत जाऊन पालखीचे दर्शन घ्या. पालखी पुण्यात दोन रात्री असते. मावशींची गाठ तिथेच पडेल, सासवडच्या जागेची खात्रीही होईल आणि रात्री फुरसुंगीला जाता येईल. दर्शनाची रांग मात्र मोठी असते, आईंना दुपारी न नेता पहाटे न्यावे.